दोन पिवळे ठिपके आणि पुण्याचा जानेवारी

स्क्वॉश कोर्टवर पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या हातात चेंडू दिला की तो सगळ्यात आधी तो खाली टाकून बघतो. चेंडू जेमतेम वीतभर उसळतो, दोनदा टिपटिपतो आणि घरंगळत कोपऱ्यात जातो. मग तो माझ्याकडे बघतो. "मॅडम, हा बॉल खराब झालाय का?" चेंडू खराब नसतो, डबी आत्ताच फोडलेली असते. तो फक्त थंड असतो, आणि थंड असताना त्याने असंच वागावं म्हणून तो तसा बनवलेला असतो.

मी बरीच वर्षं स्क्वॉश शिकवते. आधी मुंबईत, आता पुण्यात. या वर्षांत रॅकेट, बूट, ग्रिप यांवर मी जितकं बोलले असेन त्याहून जास्त चेंडूवर बोलले आहे, कारण शिकणाऱ्यांच्या अडचणी पुष्कळदा मनगटात नसतात, हातातल्या चेंडूत असतात. लोक रॅकेटवर दहा-पंधरा हजार रुपये खर्च करतात, पण चेंडू मात्र "जो सगळे वापरतात तो द्या" म्हणून घेतात. सगळे वापरतात तो म्हणजे दोन पिवळ्या ठिपक्यांचा, ज्याला कोर्टवर डबल डॉट म्हणतात. टीव्हीवर तोच दिसतो, स्पर्धेतही तोच असतो.

ठिपक्यांची भाषा तशी सोपी आहे. निळा ठिपका सगळ्यात उसळणारा, म्हणून त्याला वेगवान म्हणतात. लाल त्याहून कमी. एक पिवळा आणखी कमी आणि दोन पिवळे सगळ्यात मंद. मध्ये हिरवे-पांढरे ठिपकेही होते, पण नेहमीच्या खरेदीत आता ते क्वचितच समोर येतात. पूर्वी स्पर्धेचा चेंडूही एकाच पिवळ्या ठिपक्याचा असे. रॅकेट हलक्या झाल्या, खेळाडू जास्त जोरात मारू लागले, तेव्हा दुसरा ठिपका आला. डनलॉपचे चेंडू आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात. त्यांच्या मालिकेत एक पिवळ्या ठिपक्याचा चेंडू दोन ठिपकेवाल्यापेक्षा हवेत दहा टक्के जास्त वेळ राहतो. लाल ठिपक्याचा आकाराने सहा टक्के मोठा आहे आणि वीस टक्के जास्त वेळ राहतो. निळा बारा टक्के मोठा आणि चाळीस टक्के जास्त वेळ राहणारा. बाकी कंपन्यांचे ठिपके याच रंगांत असले तरी उसळी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून एका गटाने एकाच कंपनीचे चेंडू वापरावेत असा माझा आग्रह असतो.

वेगवान आणि मंद या शब्दांनी मात्र गोंधळ होतो. मंद चेंडू रॅकेटवरून हळू सुटतो असं लोकांना वाटतं. फरक खरा दिसतो तो भिंतीवर आणि जमिनीवर आदळल्यानंतर. आदळताना चेंडू दबतो, पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात तो आपली काही शक्ती गमावतो. मंद चेंडू जास्त गमावतो, म्हणून भिंतीवरून परत येताना त्याच्यात दम कमी असतो आणि जमिनीवरून तो कमी वर येतो. गमावलेली शक्ती जाते कुठे, तर चेंडूच्या रबरात, उष्णता होऊन. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

स्पर्धेच्या चेंडूसाठी जागतिक संघटनेने जे माप ठरवलं आहे ते वाचलं की याचा अंदाज येतो. चेंडूचा व्यास 40 मिलिमीटर, वजन 24 ग्रॅम. उसळी तपासायला तो 254 सेंटीमीटरवरून टाकतात, पण एकदा नाही, दोन वेगवेगळ्या तापमानांना. 23 अंशांना तो निदान बारा टक्के वर आला पाहिजे. 45 अंशांना मात्र पाव हिश्शाच्या थोडा वर. म्हणजे तोच चेंडू, तीच उंची, आणि उसळी दुपटीहून जास्त. चेंडूची ओळखच दोन तापमानांवर बांधलेली आहे, आणि खेळ अपेक्षित आहे तो 45 अंशांच्या आसपास. डबीतून काढलेला चेंडू हा खेळायचा चेंडूच नसतो, तो कोर्टवर खेळाडूंनी तयार करायचा असतो.

ही तपासणी कोर्टवर साध्या पद्धतीने करता येते आणि मी ती प्रत्येकाला शिकवते. समोरच्या भिंतीवर सर्व्हिस लाइन 178 सेंटीमीटरवर असते. खालच्या टिनची वरची कड 48 सेंटीमीटरवर. चेंडू सर्व्हिस लाइनच्या उंचीवर धरायचा आणि नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. दोन ठिपक्यांचा चेंडू व्यवस्थित गरम झाला असेल तर तो टिनच्या कडेच्या आसपास वर येतो. 178 चे सत्तावीस टक्के काढले तर 48 येतात, म्हणून हे जुळतं. थंड असेल तर टिनच्या निम्म्यालाही पोचत नाही. लाकडी जमीन कुठे टणक असते, कुठे पोकळ वाजते, म्हणून दोन-चार सेंटीमीटर इकडे-तिकडे होणारच. पण गरम की थंड हे कळायला एवढी तपासणी पुरते आणि त्याला खर्च काही नाही.

गरम झाल्यावर चेंडू का उसळतो याचं उत्तर बहुतेक जण "आतली हवा फुगते" असं देतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. स्क्वॉशच्या चेंडूत टेनिससारखी दाबून हवा भरलेली नसते. 23 अंशांवरून 45 वर गेल्यावर आतल्या हवेचा दाब जेमतेम सात टक्के वाढतो. एवढ्याने उसळी दुप्पट होणार नाही. मोठा भाग रबराचा आहे. रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. थंडीत ते सुस्त असतात, दबल्यावर एकमेकांवर घासत-घासत परत जागेवर येतात आणि त्या घासण्यात शक्ती जाते. तापलेल्या रबरात ते सहज सरकतात आणि दिलेली शक्ती बरीचशी परत देतात. डबल डॉटचं रबर मुद्दाम असं मिसळलेलं असतं की साध्या खोलीच्या तापमानाला ते खूप शक्ती खाऊन टाकतं.

यातून एक सुंदर तोल साधला जातो. थंड चेंडू प्रत्येक टोल्याला जास्त शक्ती खातो, म्हणून लवकर तापतो. तापला की कमी खातो, म्हणून तापण्याचा वेग मंदावतो. शिवाय जितका गरम, तितका तो भिंतीला, जमिनीला आणि हवेला जास्त उष्णता देतो. एका ठिकाणी मिळकत आणि खर्च सारखे होतात आणि चेंडू तिथे स्थिर राहतो. चांगल्या खेळाडूंच्या सामन्यात ते ठिकाण 45 अंशांच्या आसपास येतं. साध्या खेळाडूंच्या सामन्यात ते खाली असतं, आणि किती खाली, यावर त्यांनी कुठल्या ठिपक्याचा चेंडू घ्यावा हे ठरतं.

याचा ढोबळ हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. 24 ग्रॅमचा चेंडू ताशी शंभर किलोमीटरने भिंतीवर आदळला आणि त्यातली बहुतेक शक्ती रबरात गेली, तर चेंडू सुमारे एक पंचमांश अंशाने तापतो. म्हणजे एक अंश वाढवायला असे पाच टोले. वेग निम्मा केला तर शक्ती निम्मी होत नाही, चौथाई होते, म्हणून तोच एक अंश वाढवायला वीस टोले लागतात. आणि या वीस टोल्यांच्या वेळात चेंडू गारही होत असतो. त्यामुळे हळू मारणाऱ्या दोघांनी कितीही वेळ खेळलं तरी त्यांचा चेंडू एका मर्यादेपलीकडे तापत नाही. वेळ वाढवून वेगाची भरपाई होत नाही, हे मला या हिशेबाने पक्कं समजलं.

मग एका जानेवारीत हे सगळं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं.

आमच्याकडे सकाळी पावणेसातला एक डॉक्टर आणि त्यांचे वकील मित्र खेळायला येतात. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, खेळाची खरी ओढ असलेले, नियमित येणारे. पुण्यातला जानेवारी आणि आमचं कोर्ट उत्तरेकडच्या अंगाला, ऊन येत नाही. आतलं तापमान तेरा अंश. डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, आमचा बॅकहँड गेला बघा. बॉल मागे जातच नाही. एकदा धडा घ्या आमचा."

मी काचेमागून त्यांचा खेळ बघितला. ड्राइव्ह मारला की चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या मागच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. मागच्या भिंतीवर आदळून परत येणं तर दूरच. तीन-चार टोल्यांत रॅली संपायची. दोघेही आता कोर्टच्या पुढच्या अर्ध्या भागातच उभे होते, कारण मागे काही येतच नव्हतं. आणि चेंडू कसाही करून लांब जावा म्हणून दोघे तो खालून उचलून वर मारत होते, मनगट मोडून. डॉक्टरांना जे "बॅकहँड गेला" असं वाटत होतं, ते प्रत्यक्षात हे होतं. बॅकहँड शिकवून उपयोग नव्हता, कारण मेलेल्या चेंडूला मारायचा बॅकहँडच त्यांनी शिकून घेतला होता. जमिनीपासून चार बोटांवर आलेला चेंडू दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मारता येतच नाही.

ओळखीच्या एका वर्कशॉपमधून मी तापमान मोजायची गन मागून आणली होती. लांबूनच नेम धरून तापमान दाखवते ती. लहान वस्तूवर धरायची तर अगदी जवळ न्यावी लागते, नाहीतर मागच्या भिंतीचं तापमान दाखवते. काळ्या रबरावर ती बऱ्यापैकी खरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन मी कोर्टवर गेले.

त्यांचा नवा डबल डॉट सुरुवातीला तेरा अंश. दोघांनी त्यांच्या सवयीप्रमाणे पाच मिनिटं एकमेकांना क्रॉस दिले, सावकाश, गप्पा मारत. चेंडू चोवीसवर आला. सर्व्हिस लाइनवरून सोडला तर वीतभर. "गरम झाला की," वकीलसाहेब म्हणाले, कारण हाताला तो कोमट लागत होता. हाताचा अंदाज इथे फसवतो. थंडीत आपले हातच गार असतात, त्यामुळे चोवीस अंशही ऊबदार वाटतात.

मग मी आणि माझा सहायक कोर्टवर गेलो. आम्ही दोघांनी मधल्या अंतरावरून, शॉर्ट लाइनच्या थोडं मागे उभं राहून, सरळ आणि जोरात मारायला सुरुवात केली. चेंडू समोरच्या भिंतीवर सर्व्हिस लाइनच्या वर लागेल असा, जमिनीवर एकच टप्पा, पुन्हा लगेच. प्रत्येकाने पाच-सहा टोले स्वतःलाच, मग क्रॉस. चार मिनिटांत आवाज बदलला. थंड चेंडूचा आवाज भिंतीवर ओला, बसका येतो. गरम झाला की तो कोरडा आणि उंच होतो, काचेबाहेर बसलेल्यालाही कळतो. गनवर एक्केचाळीस. सोडून बघितला तर टिनच्या कडेला दोन-तीन बोटं कमी. ड्राइव्ह आता मागच्या भिंतीला लागून परत येत होते.

तोच चेंडू मी डॉक्टरांच्या हातात दिला. पहिल्या दोन-तीन रॅली त्यांनी ज्या खेळल्या, त्या मी त्यांच्याकडून त्या हिवाळ्यात बघितल्या नव्हत्या. बॅकहँड होता, जागच्या जागी होता. चेंडू कमरेच्या उंचीला येत होता, त्यांना मागे वळून पाय लावायला वेळ मिळत होता. आणि मग हळूहळू, कोणाचं काही न चुकता, चेंडू खाली बसायला लागला. गेम संपला तेव्हा गनवर अठ्ठावीस.

हा अठ्ठावीस त्या दोघांचा, त्या कोर्टवरचा, त्या महिन्यातला तोलाचा आकडा होता. त्यांनी थंड चेंडू घेऊन सुरुवात केली तरी ते सावकाश तिथे पोचले असते, आणि आम्ही गरम करून दिला तरी तिथेच परत आले. त्यांच्या जोराला तेवढंच तापमान टिकत होतं. आता प्रश्न एवढाच उरला की अठ्ठावीस अंशांना नीट उसळणारा चेंडू कुठला. दोन ठिपकेवाला नक्कीच नाही. एक पिवळा देऊन पाहिला, सुधारणा होती पण ड्राइव्ह अजून मागच्या भिंतीच्या हातभर आधीच संपत होता. मी लाल ठिपक्याचा चेंडू काढला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "लाल म्हणजे नवशिक्यांचा ना? वीस वर्षं खेळतोय हो मी."

ही अडचण नेहमीची आहे, आणि ती मला मनापासून लागते. डबीवर कंपन्या ठिपक्यांसमोर खेळाडूची पातळी लिहितात, म्हणून लोकांना ठिपका म्हणजे आपली इयत्ता वाटते. मी त्यांना गनचे आकडे पुन्हा सांगितले. म्हटलं, "डॉक्टर, ठिपका तुमचा नाही, चेंडूचा आहे. तुम्ही अठ्ठावीस अंश टिकवता. मे महिन्यात याच कोर्टवर तुम्ही पस्तीसच्या पुढे टिकवाल, तेव्हा मी स्वतः तुम्हाला पिवळा देईन." डॉक्टर माणूस, आकड्यांवर विश्वास. खेळून तर बघू म्हणाले.

लाल चेंडू सुरुवातीला दोघांनाही जड गेला, पण उलट्या बाजूने. इतके दिवस उचलून मारायची सवय, त्यामुळे चेंडू आउट लाइनच्या वर जाऊ लागला. वकीलसाहेब वैतागले. पण आठवडाभरात मनगट खाली आलं, कारण आता चेंडू लांब पाठवायला उचलायची गरजच नव्हती. रॅली दहा-बारा टोल्यांच्या झाल्या. आणि लांब रॅलीत चेंडू आणखी तापतो, कारण दोन रॅलींमधला मोकळा वेळ कमी होतो. थंड चेंडूचं चक्र उलटं असतं: उसळत नाही म्हणून रॅली लवकर संपते, लवकर संपते म्हणून चेंडू जमिनीवर पडून राहतो आणि आणखी थंड होतो. एप्रिलमध्ये कोर्टवर सकाळी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असताना लाल चेंडू त्यांना आवरेना. मागच्या भिंतीवरून तो कोर्टच्या मध्यापर्यंत येऊ लागला आणि कोणाचाच पॉइंट संपेना. तेव्हा मी एक पिवळा काढला. डॉक्टर आता पुण्याच्या ऋतूंप्रमाणे दोन ठिपके बाळगतात, हिवाळ्यात लाल आणि उन्हाळ्यात एक पिवळा.

मुंबईत असताना हा प्रश्न मला जवळजवळ कधी आला नव्हता, याचं कारणही यातच आहे. एसी नसलेल्या कोर्टवर मे महिन्यात तेहतीस-चौतीस अंश असतात. डबीतून काढलेला चेंडूच तेहतीसवर असतो, त्याला पंचेचाळीसला न्यायला फक्त बारा अंश हवेत. पुण्यात जानेवारीत बत्तीस हवेत. त्यामुळे मध्यम ताकदीचा मुंबईकर डबल डॉटवर छान खेळतो आणि तोच थंडीत पुण्याला आला की आपला खेळ बिघडला असं समजतो. मुंबईचा त्रास वेगळा आहे, पावसाळ्यात भिंतींना घाम येतो. ओल्या भिंतीवरून चेंडू घसरतो आणि खाली पडतो, आणि लोक म्हणतात बॉल थंड आहे. तो थंड नसतो, त्याला भिंत पकडत नसते. अशा वेळी ठिपका बदलून काहीच होत नाही, भिंत पुसा आणि पंखे लावा.

गरम करायच्या शॉर्टकटांबद्दल सांगायलाच हवं, कारण हिवाळ्यात ते सगळे माझ्या कोर्टवर येतात. चेंडू बुटाखाली दाबून जमिनीवर घासणं सगळ्यात प्रिय. त्याने वरचा पृष्ठभाग तापतो, हाताला छान लागतो, पण रबराची भिंत काही मिलिमीटर जाड आहे आणि आतला भाग गारच राहतो. दोन टोल्यांत ती ऊब पसरून नाहीशी होते. हे सुरुवातीला करायला हरकत नाही, पण त्यावर भरवसा ठेवू नये. गरम पाण्यात बुडवणारे आहेत. त्याने चेंडू खरोखर तापतो, पण ओला चेंडू घसरतो, पुसून कोरडा होईपर्यंत उतरतो, आणि कोर्टची जमीन ओली झाली तर कोणीतरी पडेल. मायक्रोवेव्हमध्ये घालणाऱ्यांना मी सरळ मनाई करते, कारण सांध्याला चिकटवलेले दोन अर्धगोल आहेत ते, असमान तापून तिथेच उलतात. आणि या सगळ्यावर एकच उत्तर आहे: बाहेरून दिलेली उष्णता फक्त सुरुवात उचलून देते. पाच मिनिटांनी चेंडू तुमच्या जोराला टिकेल त्याच तापमानाला येऊन बसतो. मुलांच्या वडिलांना मी हेच सांगते, जेव्हा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी डबल डॉट मागतात. त्या मुलाच्या हातात निळा चेंडू असतो तेव्हा तो चेंडूमागे जाऊन, थांबून, बाजूला वळून मारायला शिकतो. डबल डॉट दिला तर तो फक्त धावायला आणि वाकायला शिकेल.

जुन्या चेंडूची गोष्ट वेगळी. वापरून वापरून त्याचा खरखरीतपणा जातो आणि तो चकचकीत होतो. असा चेंडू गरम असूनही भिंतीवर आणि जमिनीवर सरकतो, टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा खाली राहतो. आणि सांध्यावर फाटायला लागलेला चेंडू तर आवाजावरून कळतो. मधेच एखादा टोला फुटका येतो, उसळी वाकडी होते. असा चेंडू दोन बोटांत दाबून फिरवला की केसासारखी चीर उघडते.

सामन्यात चेंडू फाटतो तेव्हा या सगळ्याची खरी परीक्षा होते. नियमाप्रमाणे ती रॅली पुन्हा खेळतात आणि नवा चेंडू येतो. नवा चेंडू थंड असतो, म्हणून खेळाडूंनी तो खेळण्याजोगा होईपर्यंत गरम करायचा असतो. पंच सांगेल तेव्हा किंवा दोघे आपसांत ठरवतील तेव्हा, जे आधी होईल तेव्हा खेळ सुरू होतो. सुरुवातीच्या वॉर्मअपसारखी इथे ठरलेली मिनिटं नसतात. आणि नेमक्या या जागी खेळ फिरू शकतो.

आमच्या एका मुलीचा सामना असा फिरता-फिरता राहिला. समोरची मुलगी ड्रॉपवर खेळणारी, चेंडू पुढे टिनजवळ मारून संपवणारी. आमच्या मुलीचा खेळ लांब, मागच्या कोपऱ्यात खिळवून ठेवणारा, आणि गरम चेंडूवर ती दोन गेम घेऊन पुढे होती. तिसऱ्यात चेंडू फाटला. नवा आला, दोघींनी सात-आठ टोले मारले आणि समोरची मुलगी हसून म्हणाली, "चालेल ना? सुरू करू?" तिच्या दृष्टीने चालणारच होतं. थंड चेंडूवर ड्रॉप टिनजवळ मरतो, आणि ड्राइव्ह मागच्या कोपऱ्यात पोचतच नाही. पुढची सात-आठ मिनिटं, चेंडू तापेपर्यंत, सगळा गेम तिच्या बाजूचा झाला असता.

आमच्या मुलीने चेंडू हातात धरला, सर्व्हिस लाइनच्या उंचीवरून सोडला, तो टिनच्या निम्म्यावर आला. ती पंचांना म्हणाली, "अजून नाही." पंचांनी मान्य केलं. मग तिने मागे जाऊन सरळ, उंच, जोरात मारायला सुरुवात केली, समोरचीलाही तिच्या वाटणीचे टोले देत, कारण चेंडू एकटीने अडवून ठेवणंही नियमाच्या विरुद्ध आहे. तीनेक मिनिटांनी तिने पुन्हा चेंडू सोडून बघितला, पंचांकडे मान हलवली आणि सर्व्हिसला उभी राहिली.